सिमेंटची गुठळी: कोणती निरुपद्रवी, कोणती धोक्याची

संगमेश्वरकडचं एक घर घेऊ. मे अखेरीस स्लॅब टाकायचा म्हणून पन्नास किलोच्या चाळीस गोण्या येऊन पडल्या, पण सळया वेळेवर आल्या नाहीत आणि पाऊस सुरू झाला. गोण्या तळमजल्यावरच्या खोलीत भिंतीला टेकवून, एका थरात चार अशा दहा थरांत रचल्या. ऑक्टोबरात थप्पी उघडली तेव्हा काही गोण्या दगड झाल्या होत्या, काहींत गुठळ्या होत्या, बाकीच्या बाहेरून चांगल्या दिसत होत्या. मिस्त्री म्हणाले, "मालक, गुठळ्या चाळून काढू, उरलेल्या सिमेंटला काही होत नाही." हे वाक्य कोकणातच नव्हे, बहुतेक सगळ्या साइटवर ऐकू येतं. आणि ते चुकीचं आहे.

सिमेंट खराब होतं ते गुठळीमुळे नाही, ओलाव्यामुळे. हवेतली वाफ पोत्यात शिरते आणि सिमेंटच्या कणांच्या पृष्ठभागावर पाण्याशी होणारी रासायनिक क्रिया सुरू करते. तीच क्रिया, जी आपल्याला पुढे काँक्रीटमध्ये हवी असते. सगळ्यात आधी खर्ची पडतात ते सगळ्यात बारीक कण, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग सर्वांत मोठा. काँक्रीटला सुरुवातीची ताकद देतात तेही हेच कण. म्हणून पावडर मोकळी, बोटांना मऊ लागत असली तरी आतून कस गेलेला असू शकतो. असं सिमेंट जमायलाही वेळ लावतं आणि सुरुवातीच्या दिवसांत कच्चं राहतं. नेहमीच्या हिशेबाने सेंट्रिंग काढणाऱ्यासाठी हे विशेष धोक्याचं.

चाळण्याने हा दोष जात नाही. सिमेंटचे बहुतेक कण 90 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही, बारीक असतात. साइटवरच्या वाळूच्या चाळणीची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. तिच्यावर फक्त डोळ्यांना दिसणारे गोळे अडकतात. निम्मे मेलेले कण आणि बारीक खडे आरामात खाली पडतात. "मग एक घमेलं सिमेंट जास्त घालू" हा उपायही फसवा आहे. कस किती उतरला हे माहीत नसेल तर जास्त किती घालायचं हे कशावरून ठरवणार? शिवाय जास्त सिमेंट जास्त पाणी मागतं आणि तडे जाण्याची शक्यता वाढते.

याच्या उलट, प्रत्येक गुठळी वाईट असते असंही नाही. उंच थप्पीच्या तळाच्या गोण्या वरच्या वजनाने दाबल्या जातात आणि आतलं सिमेंट घट्ट बसतं. अशी गोणी जमिनीवर दोन-तीनदा लोळवली, चारी बाजूंनी थोपटली की पुन्हा मोकळी होते. आतला गोळा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की पीठ होतो. हे सिमेंट ताजं असेल तर बिनदिक्कत वापरावं. ते फेकणं म्हणजे निव्वळ नुकसान. धोक्याची गुठळी वेगळी असते. ती बोटांनी फुटत नाही, फोडायला हातोडी लागते आणि फुटल्यावर पिठाऐवजी खडे पडतात. तिथे सिमेंट जमून गेलेलं असतं. ते कुटून पुन्हा बारीक केलं तरी त्यात जोर परत येत नाही.

सिमेंट तीन महिन्यांच्या आत वापरावं असं सांगतात, त्या आकड्याबद्दलही घोटाळा आहे. औषधाच्या बाटलीवरची मुदत समजून कुणी नव्वद दिवसांनी सगळं टाकून देतो, तर कुणी नव्वद दिवस पूर्ण व्हायचेत म्हणून निर्धास्त राहतो. तीन महिने उलटले की वापरण्याआधी तपासून घ्या, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. कोकणातल्या पावसाळ्यात, गळक्या खोलीत, महिनाभरातही पोतं बिघडू शकतं. दिवसही खरेदीपासून मोजायचे नाहीत. गोणीवर कारखान्यात भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. आपल्या गोण्यांवर आठवडा 18 असेल, तर सिमेंट मेच्या सुरुवातीचं. दुकानात पडून राहिलेले दिवसही त्याच्या वयात धरायचे. चाळिसाव्या आठवड्यात थप्पी उघडली, म्हणजे पाच महिने झाले.

साठवताना होणारी मोठी चूक धान्याच्या सवयीतून येते. तांदळाच्या कोठाराला हवा लागते, म्हणून सिमेंटच्या खोलीचीही खिडकी उघडी ठेवतात आणि गोण्यांमध्ये फटी सोडतात. सिमेंटला वाहती हवा नको असते, कारण प्रत्येक झुळूक ओलावा घेऊन येते. दारं-खिडक्या बंद हव्यात आणि गोण्या एकमेकींना चिकटून हव्यात. मोकळी जागा सोडायची ती भिंतीपासून, सुमारे दीड फूट, आणि जमिनीपासून, फळ्या टाकून सहा ते आठ इंच. थर दहापेक्षा जास्त नकोत. पोतं प्लॅस्टिकचं आहे म्हणून ओल लागणार नाही, हेही खरं नाही. विणीतून आणि शिवणीच्या भोकांतून वाफ आत जाते. पावसाळ्यात थप्पी जाड प्लॅस्टिकने खालूनही गुंडाळावी लागते. नुसती वरून ताडपत्री टाकली तर जमिनीची ओल आतच कोंडते. आधी आलेलं आधी वापरायचं, म्हणून नव्या गोण्या जुन्यांसमोर रचून त्यांची वाट अडवू नये.

आता त्या चाळीस गोण्या. आधी वर्गवारी करायची. सहा पूर्ण दगड झाल्या आहेत: तळाच्या चार आणि भिंतीला घासून बसलेल्या दोन. बारांत कडक आणि मऊ गुठळ्यांची सरमिसळ आहे. बावीस मोकळ्या आहेत. सहा गोण्या बाद. बारांचा स्लॅब, कॉलम, बीम यांच्याशी संबंध संपला. बाथरूमचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही त्यातून नको. चाळून घेतलं तर फार तर वजन न येणाऱ्या भरावाला.

खरा प्रश्न त्या बावीस गोण्यांचा. थंडगार लागतं का म्हणून हात घालून पाहणं, पाण्यात बुडतं की तरंगतं ते बघणं, या चाचण्या घोर खराबी ओळखतात, ताकद सांगत नाहीत. ताकद कळते ती क्यूब फोडून. चार-पाच गोण्यांच्या पोटातून थोडं-थोडं सिमेंट काढायचं, हवाबंद डब्यात भरायचं आणि साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायचं. तिथे प्रमाणित वाळूशी एकास तीन मिसळून 70.6 मिलिमीटरचे क्यूब पाडतात. पीपीसी सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे सात दिवसांत किमान 22 आणि अठ्ठावीस दिवसांत 33 मेगापास्कल ताकद यायला हवी. समजा सातव्या दिवशी 19 आले. आकडा फार वाईट दिसत नाही, तरी सिमेंट मानकात बसलेलं नाही, आणि स्लॅबसाठी तेवढं पुरेसं कारण आहे. ते जोत्याखालच्या पीसीसीत किंवा अंगणाच्या कोब्याखालच्या थरात वापरून टाकावं आणि स्लॅबला नव्या आठवड्याचा माल मागवावा. 22 च्या पुढे आकडा आला तर गोण्या लगेच वापरायच्या, कारण अहवाल नमुना काढला त्या दिवसाचा असतो आणि उघडलेल्या थप्पीचं सिमेंट त्यानंतरही ओल पीतच राहतं.