डब्यामागे डबा

गेल्या महिन्यात आमच्या फायबरवाल्याने कुणाला न विचारता, न सांगता आमच्या भागातल्या सगळ्या जोडण्या एका सामायिक पत्त्यामागे नेऊन ठेवल्या. सिनेमे दिसतात, बँकेची कामं होतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणून काटोलात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आलं ते ज्यांच्या घरी कन्सोल आहे त्यांच्याच. भाच्याच्या प्लेस्टेशनवर `NAT Type 3` उमटलं आणि मित्रांच्या पार्टीत त्याचा आवाज जाईना. फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "नेट तं चालून राह्यलं ना भाऊ, मंग काय झालं?"

हे वाक्य मी या गावात फार वर्षांपासून ऐकतो आहे. माणसं बदलली, कंपन्या बदलल्या, वाक्य तेच.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन आलं. टेलिफोनच्या तारेवर २५६ केबीपीएस, एक मोडेम, एक कॉम्प्युटर. दुसरा डबाच नव्हता, त्यामुळे भांडणही नव्हतं.

भांडण सुरू झालं २०१० नंतर, घरोघरी वाय-फाय राउटर आले तेव्हा. मोडेम दिवाणखान्यात, टेलिफोनजवळ. कन्सोल आतल्या खोलीत. मध्ये जुनी जाड भिंत. मग नागपूरहून, सीताबर्डीतून राउटर आणायचा, मोडेमची वायर त्याच्या निळ्या WAN पोर्टमध्ये खोचायची आणि पासवर्ड टाकून मोकळं व्हायचं. मोबाइलवर नेट आलं की सगळे खूश.

गोम तिथेच होती. मोडेम नुसता मोडेम नसतो, त्याच्या पोटात राउटरही असतो. घरातली सगळी यंत्रं तो बाहेरच्या एकाच पत्त्याने दाखवतो, आणि बाहेर कोण गेलं ते दारावरच्या वहीत टिपून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून आत सोडतो. वहीत नाव नसलेला पाहुणा परत जातो. याचं नाव नॅट. नवा राउटर लावला की दारं दोन आणि वह्याही दोन. गेम डाउनलोड करायला अडचण नाही, कारण मागणी आतून गेलेली असते. पण समोरचा खेळाडू थेट जोडायला आला की अडतो. कन्सोल यूपीएनपीने आपल्या राउटरला सांगतो, अमुक पोर्ट उघड; एक्सबॉक्सच्या बाबतीत तो बहुधा यूडीपी ३०७४ असतो. राउटर इमानदारीत उघडतो. मोडेमला मात्र कुणी काही सांगितलेलंच नसतं.

एक्सबॉक्स निदान `Double NAT detected` असं स्वच्छ सांगतो. प्लेस्टेशन मोघम: टाइप ३. कधी टाइप २ दाखवूनही आवाज एकाच बाजूने जातो. म्हणून मी कन्सोलवर विसंबत नाही. राउटरच्या पानावर जाऊन WAN चा पत्ता बघायचा. तो `192.168.1.5` असा काही दिसला, म्हणजे `192.168`, `10` किंवा `172.16` ते `172.31` यांतला, की समोर आणखी एक डबा आहे हे नक्की. राउटर आणि मोडेम दोघांचा पत्ता `192.168.1.1` निघाला तर आणखी मजा: मोडेमचं पान उघडायला जावं आणि राउटरचंच उघडावं. तेव्हा आधी राउटरला `192.168.10.1` करायचं, मग पुढचं बोलायचं.

त्या दशकात हे दुरुस्त करणं आपल्या हातात होतं, म्हणून त्याची आठवण गोड. मोडेमच्या पानावर ठरलेली जोडणी उघडायची. बीएसएनएलची व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, ही जोडी आमच्या पिढीला टेलिफोन नंबरासारखी पाठ आहे. तिथे PPPoE काढून `Bridge` करायचं. युजर आयडी आणि पासवर्ड आधी कागदावर उतरवलेला हवा, कारण आता तो राउटरमध्ये PPPoE निवडून भरायचा असतो. मोडेम फक्त तारेतला सिग्नल पुढे ढकलतो, दार एकच उरतं. WAN च्या रकान्यात बाहेरचा खरा पत्ता दिसला की कन्सोल बंद करून पुन्हा लावायचा. टाइप २ आला की काम झालं. टाइप १ च्या मागे लागणाऱ्यांनी माझं डोकं पुष्कळ खाल्लं; तो राउटरशिवाय थेट जोडल्यावर येतो, घरात त्याची गरज नाही.

मग फायबर आला आणि डब्यांना कुलपं लागली. ब्रिजचा पर्यायच पानावरून गायब, पासवर्ड ऑपरेटरकडे, आणि बसवायला आलेला पोरगा म्हणणार, "राउटरच खराब आहे तुमचा." किती चांगले राउटर या निदानापायी कपाटात गेले असतील! त्यावर तोड होती: आपल्या राउटरलाच नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट करायचं. आधी त्याला `192.168.1.2` असा मोडेमच्या रांगेतला मोकळा पत्ता द्यायचा, मग त्याचं डीएचसीपी बंद करायचं, आणि शेवटी वायर WAN मधून काढून LAN मध्ये लावायची. क्रम उलटा केला की पान पुन्हा सापडत नाही.

काही जण मोडेममध्ये राउटरच्या पत्त्यावर डीएमझेड लावत. चालतं, दोन्ही दारं असूनही चालतं. पण आमच्याकडे लोडशेडिंग. लाइट आली की दोन्ही डबे एकदम उठायचे, मोडेम राउटरला `.5` ऐवजी `.7` द्यायचा आणि डीएमझेड रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत बसायचा. "काल तं चालत होतं," असं कुणी म्हणालं की मी आधी लाइट गेली होती का ते विचारायचो. मोडेममध्ये राउटरचा पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो.

आता या सगळ्या विद्येचा उपयोग निम्म्यावर आला. भाच्याकडे गेलो तेव्हा ऑपरेटरचा डबा आधीच ब्रिजवर होता, घरात दार एकच. तरी राउटरच्या WAN वर `100.72` ने सुरू होणारा पत्ता. खात्रीसाठी लॅपटॉपवर:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ घरच्या राउटरची, दुसरी पुन्हा `100.72` वाली. `100.64` पासून `100.127` पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी वेगळा काढला: ऑपरेटरने आपल्या केंद्रात नॅट करायचा आणि कितीतरी घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटून द्यायचा. पत्ते संपले हे खरं. आशियाचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता. १९९४ साली नॅटचा पहिला मसुदा निघाला तोही तात्पुरता उपाय म्हणूनच. पण दुसरं दार आता ऑपरेटरच्या कुलूपबंद खोलीत आहे. तिथे ब्रिज, डीएमझेड, पोर्ट उघडणं, काहीही घरून करता येत नाही, आणि नवा राउटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

उरतात दोन वाटा. एक, ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी विकत घेणं, दरमहा जास्तीचे पैसे मोजून. सीसीटीव्ही लावलेले दुकानदार तो घेतात, म्हणून मिळतो हे माहीत आहे. दुसरी, आयपीव्ही६. ते सुरू असेल तर एक्सबॉक्सचं बरंचसं बोलणं त्यावरून होतं. प्लेस्टेशनचे बरेच गेम मात्र अजून जुन्याच पत्त्यांवर अडून बसतात. आमच्या ऑपरेटरला आयपीव्ही६ कधी देणार असं विचारलं, तर तो म्हणाला, "ते काय असते? नेट तं चालून राह्यलं ना?" भाच्याच्या बापाने स्टॅटिक आयपीचे पैसे ऐकले आणि आधी दहावीचा निकाल बघू म्हणाला.