तीनातून सात

x + १/x = ३ असेल, तर x² + १/x² ची किंमत काढा. फळ्यावर या गणिताला तीन ओळी पुरतात. दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा. डावीकडे x² + २ + १/x² येते, उजवीकडे ९. डावीकडचे २ उजवीकडे नेले की उत्तर ७. विद्यार्थी उत्तराखाली रेघ मारून पुढच्या गणिताकडे वळतो. पण या तीन ओळींत एक विलक्षण गोष्ट घडून गेलेली असते: x किती, हे कोणीच शोधलेले नाही. ज्या संख्येच्या वर्गाबद्दल प्रश्न होता, ती संख्या शेवटपर्यंत अज्ञात राहिली आणि तरी उत्तर पूर्ण, नेमके, शंकेला जागा न ठेवणारे आले. हे कसे शक्य झाले, ते या गणिताचे खरे मर्म आहे. ‘वर्ग करा आणि दोन वजा करा’ एवढी एक ओळ पाठ करून घेतली, तर नेमके तेच विद्यार्थ्याच्या नजरेआड जाते, असे माझे मत आहे.

ते मर्म पाहायला एक चौरस काढावा. त्याची बाजू x + १/x, म्हणजे ३. बाजूवर जिथे x संपून १/x सुरू होते, तिथून एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली की चौरसाचे चार तुकडे पडतात. एका कोपऱ्यात x बाजूचा चौरस, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात १/x बाजूचा चौरस, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टीची लांबी x आणि रुंदी १/x. सगळे काही या दोन पट्ट्यांत आहे. x दोन असेल तर पट्टी दोन लांब आणि अर्धा रुंद; x दहा असेल तर दहा लांब आणि एकदशांश रुंद. लांबी जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने रुंदी घटते, आणि क्षेत्रफळ काही केल्या १ वरून हलत नाही. म्हणून मोठ्या चौरसाच्या ९ क्षेत्रफळातून दोन पट्ट्यांचे २ काढून घेतले, की उरलेल्या दोन चौरसांचे मिळून ७ उरतात. त्या दोन चौरसांपैकी प्रत्येक केवढा, हे सांगता आले नाही तरी त्यांची बेरीज मात्र पक्की असते. वजा होणारा २ कुठल्या सूत्राने दिलेला नाही. x आणि १/x यांचा गुणाकार १ असतो आणि अशा पट्ट्या दोन असतात, म्हणून तो येतो.

लांबच्या वाटेने जाऊनही हे पडताळता येते आणि एकदा तरी पडताळावेच. x + १/x = ३ ला x ने गुणले की x² − ३x + १ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे (३ + √५)/२ आणि (३ − √५)/२, म्हणजे साधारण २.६१८ आणि ०.३८२. यातले x कुठले घ्यायचे, असा प्रश्न इथे पडतो आणि त्याचे उत्तर मोठे सुंदर आहे. कुठलेही घ्या, कारण ही दोन मुळे एकमेकांची गुणाकार व्यस्त आहेत. पहिले x मानले तर दुसरे १/x होते आणि उलट केले तरी जोडी तीच राहते. वर्ग केले तर ६.८५४ आणि ०.१४६, बेरीज ७. करणीचे चिन्ह मध्ये येते आणि शेवटी नाहीसे होते. प्रश्न मुळात त्या जोडीबद्दल होता, जोडीतल्या एकाबद्दल कधीच नव्हता. त्यामुळे एकाची किंमत काढण्याचे श्रम वाया जातात, आणि पहिल्या वाटेने गेलेल्याला ते करावेच लागत नाहीत.

आता चुका कुठे होतात ते पाहू. सर्वात जास्त दिसणारे चुकीचे उत्तर ९. त्यात दोन्ही पदांचे सुटे वर्ग केलेले असतात आणि पट्ट्या विसरलेल्या असतात. दुसरे चुकीचे उत्तर ११. तिथे पट्ट्या आठवल्या, पण २ पलीकडे नेताना चिन्ह बदलले नाही. दोन्ही चुका पकडायला एक सोपी चाचणी आहे. x = २ घ्या. x + १/x = २.५ आणि त्याचा वर्ग ६.२५. प्रत्यक्षात x² + १/x² = ४ + ०.२५ = ४.२५. म्हणजे वर्गातून २ कमी व्हायलाच हवेत. तो आहे तसाही राहत नाही आणि वाढतही नाही. पण ज्याने ‘वजा दोन’ एवढेच पाठ केले आहे, त्याची खरी फसगत पुढच्या पायरीवर होते. x + २/x = ५ असेल तर x² + ४/x² किती? पाठांतर २३ सांगते. चौरस काढला तर पट्टीची लांबी x आणि रुंदी २/x, म्हणजे क्षेत्रफळ २. दोन पट्ट्यांचे ४, आणि उत्तर २१. x − १/x = ३ दिले असेल, तर मधले पद ऋण असल्याने २ मिळवावे लागतात आणि तिथे ११ हेच बरोबर उत्तर ठरते. उलट २x + १/२x = ३ दिले, तर पट्टीचे क्षेत्रफळ पुन्हा १ होते आणि ४x² + १/४x² ची किंमत पुन्हा ७. मधले पद स्वतः लिहिणाऱ्याला यातले काहीच वेगळे पाठ करावे लागत नाही.

यावर आक्षेप येतो तो वेळेचा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला एका प्रश्नामागे जेमतेम मिनिट मिळते. तिथे चौरस काढत बसायला सवड कुणाला? परीक्षार्थींची ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नाही. पण चौरस प्रत्येक वेळी कागदावर काढायचा नसतोच. दोन पदांचा गुणाकार किती, एवढे मनात विचारायचे आणि त्याची दुप्पट वजा करायची. त्याला लागतात दोन-तीन सेकंद. त्याउलट ‘अधिक असेल तर वजा दोन, वजा असेल तर अधिक दोन, सहगुणक असेल तर आणखी काही’ अशा सुट्या नियमांची यादी डोक्यात ठेवणाऱ्याला आधी यादीतला नेमका नियम शोधावा लागतो. घाईत तो चुकीचा नियम उचलतो. तेव्हा वेळेच्या कसोटीवरही मला पाठांतराची बाजू लंगडीच दिसते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे आणि तो प्रश्न काढणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवा. x + १/x = १ असेल तर x² + १/x² किती, असा प्रश्न पुष्कळदा दिसतो. रीत चालवली की उत्तर येते −१. पण दोन चौरसांची क्षेत्रफळे मिळवून ऋण संख्या कशी येईल? येत नाही. (x − १/x) चा वर्ग शून्यापेक्षा कमी असू शकत नाही. तो वर्ग उलगडला की कळते, कुठल्याही शून्येतर वास्तव x साठी x² + १/x² किमान २ असतेच. म्हणून x + १/x ही बेरीजही कधी −२ आणि २ यांच्या मधे पडत नाही. धन x साठी ती २ किंवा जास्त, ऋण x साठी −२ किंवा कमी. तेव्हा बेरीज १ देणारी वास्तव संख्या अस्तित्वातच नाही. संमिश्र संख्या शिकलेल्याला −१ हे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे, कारण रीत तिथेही लागू पडते. पण ज्या वर्गात फक्त वास्तव संख्या माहीत आहेत, तिथे हा प्रश्न नसलेल्या वस्तूचे मोजमाप मागतो. असा प्रश्न विचारण्यात गैर नाही. ‘अशी वास्तव संख्या आहे का?’ एवढी एक ओळ त्याला जोडली की तोच सर्वात चांगला प्रश्न होतो. ती ओळ गाळणे मात्र विद्यार्थ्यावर अन्याय आहे. उत्तर २ पेक्षा लहान आले की थांबावे, ही सवय लागली तर आकडेमोडीतली चूकही तिथेच सापडते.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे परीक्षेपुरते रचलेले कोडे आहे. वर्ग करून दोन वजा करण्याचे काम बाहेर कोण करतो? फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ संख्या असल्याचे दाखवले. अशा संख्यांच्या कसोटीचा गाभा हीच क्रिया आहे. ३ पासून निघून एकदा ती केली की ७ येतात. पुन्हा केली की ७ × ७ − २, म्हणजे ४७. ही x⁴ + १/x⁴ ची किंमत. आणखी एकदा केली की २२०७, म्हणजे आठव्या घातांची बेरीज. दर पायरीला घात दुप्पट होतो आणि x अजूनही अज्ञातच असतो. पुढे डी. एच. लेमर याने १९३० मध्ये कसोटीला ४ पासून सुरू होणारे सुटसुटीत रूप दिले. पण घातांकाला ४ ने भागून ३ बाकी उरत असेल, तर आपल्या ३ पासूनही सुरुवात चालते.

१२७ हीच संख्या तपासू. ती २ चा सातवा घात वजा १ आहे, आणि ७ ला ४ ने भागून बाकी ३ उरते. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या करायच्या आणि दर वेळी १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३ वरून ७, ७ वरून ४७. पुढे २२०७, त्याची बाकी ४८. ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट. पाचव्या पायरीला बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ. असे का, याची सिद्धता शाळेच्या गणितापलीकडची आहे. पण पायऱ्या सातवी-आठवीतल्या मुलालाही करता येतात. आता २०४७ घ्या, म्हणजे २ चा अकरावा घात वजा १. इथे पायऱ्या नऊ. ३, ७, ४७, मग १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१ आणि आठव्या पायरीला पुन्हा १६०. नवव्या पायरीला म्हणून पुन्हा १०३४. इथून तेच आकडे फिरून फिरून येत राहणार, कितीही पुढे गेले तरी शून्य येणार नाही. २०४७ मूळ नाही. ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे.