खोलीसाठी वातानुकूलकाची क्षमता

खोलीसाठी वातानुकूलकाची क्षमता म्हणजे खोलीत दर तासाला शिरणारी व तिथेच निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी लागणारी यंत्राची शक्ती होय. ती 'टन' या एककात सांगतात. या टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे १ टन, अर्थात सुमारे ३,५१७ वॅट. 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व यंत्रांची क्षमता सारखी नसते. यंत्रावरील ऊर्जाबचतीच्या तारांकित पट्टीवर ती वॅटमध्ये छापलेली असते व निवड करताना तोच आकडा ग्राह्य धरावा.

ठाणे परिसरातील परिस्थिती

ठाणे, कल्याण व डोंबिवली हा पट्टा उष्ण व दमट हवामानाचा आहे. येथे केवळ क्षेत्रफळावरून क्षमता ठरवल्यास अंदाज चुकतो, कारण उन्हाचा भार दिशेनुसार व मजल्यानुसार फार बदलतो. ठाण्याचे अक्षांश सुमारे १९.२° उत्तर असल्याने मेच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन फारसे पडत नाही. गच्चीचा स्लॅब मात्र सर्वाधिक तापतो. काँक्रीट उष्णता साठवून काही तासांनी खाली सोडते, म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरील छत रात्रीही गरम लागते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट आत येते.

हिशेबाचे उदाहरण

एकाच इमारतीतील १० फूट × १२ फूट, म्हणजे १२० चौरस फुटांच्या दोन शयनगृहांची तुलना करता येते. क्षेत्रफळ भिंतींच्या आतले, म्हणजे कार्पेट घ्यावे. पुढील आकडे मे महिन्यातील सायंकाळचे व स्थूल अंदाजाचे आहेत.

दोन्ही खोल्यांत आतील भिंती, फटींतून येणारी दमट हवा, दिवा, पंखा इत्यादींचा भार सुमारे ७०० वॅट धरला आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून, घामाच्या बाष्पासह, सुमारे १२० वॅट उष्णता बाहेर पडते.

पहिली खोली मधल्या मजल्यावर असून तिची खिडकी उत्तरेस आहे व तीत दोन माणसे राहतात. खिडकी व बाहेरील भिंतीचे २०० आणि माणसांचे २४० वॅट मिळवून एकूण १,१४० वॅट होतात.

दुसरी खोली गच्चीखाली आहे, तिची २० चौरस फुटांची खिडकी पश्चिमेस आहे व तीत चार माणसे झोपतात. पडदा लावलेला असतानाही खिडकी व भिंतीचे ७५०, स्लॅबचे ७५० आणि माणसांचे ४८० वॅट मिळवून एकूण २,६८० वॅट होतात.

क्षेत्रफळ सारखेच, पण भार दुपटीहून अधिक. बाहेरील हवा फार तापल्यावर यंत्राची क्षमता घटते. त्यासाठी दहावा हिस्सा वाढवल्यास दुसऱ्या खोलीस सुमारे २,९५० वॅट लागतात, म्हणजे १ टन पुरेसा ठरतो. पहिलीस बाजारात मिळणारे पाऊण टनाच्या आसपासचे लहान यंत्रही पुरून उरते.

क्षमता चुकल्याची लक्षणे

'मोठे घेतलेले बरे' हा समज दमट हवेत तोट्याचा ठरतो. आर्द्रता कमी होण्यासाठी हवेतील बाष्प थंड कॉइलवर जमून पाणी म्हणून वाहून जावे लागते व त्यास वेळ लागतो. अतिमोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते, आणि पंखा चालू राहिल्यास कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी बंद पडणे, निचऱ्याच्या नळीतून पाणी फार कमी येणे आणि २४ अंशांवरही अंग चिकट वाटणे ही त्याची लक्षणे होत. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमी करू शकते, पण त्यालाही खालची मर्यादा असते.

क्षमता अपुरी असल्यास सकाळी खोली नीट गार होते, परंतु सायंकाळी कॉम्प्रेसर अखंड चालूनही तापमान उतरत नाही. सकाळीही हीच स्थिती असेल, तर जाळी तुंबली आहे का व गॅस कमी झाला आहे का, हे आधी तपासावे.

भार कमी करणे

मोठे यंत्र घेण्यापूर्वी उन्हाचा भार कमी करणे इष्ट ठरते. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिल्यास स्लॅबचा वाटा घटतो. खिडकीबाहेरील छज्जा अथवा चटई ही आतल्या पडद्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण पडद्यापर्यंत पोहोचलेली उष्णता खोलीत शिरलेलीच असते.

मर्यादा

वरील पद्धत सुमारे साडेनऊ फूट उंचीच्या, दारे बंद ठेवता येणाऱ्या खोलीसाठी आहे. स्वयंपाकघराला जोडलेला दिवाणखाना, काचेची संपूर्ण भिंत अथवा दुकान यांसाठी स्वतंत्र गणना करावी लागते.