खुपऱ्यांचा जंतू आणि कोरी बशी

खुपऱ्या हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. आजीच्या पिढीला तो चांगला ठाऊक होता. पापणी उलटी केली की आतल्या बाजूला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसत. हा आजार पुन्हा पुन्हा झाला की पापणीच्या आत व्रण पडून ती आकसते, पापण्यांचे केस आत वळतात आणि डोळ्याच्या बुबुळावर घासत राहतात. पुढे दृष्टीच जाते. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केलं. हा आजार ज्या जंतूमुळे होतो, त्याला प्रयोगशाळेत वाढवायला मात्र 1955 साल उजाडावं लागलं, कारण तो बशीत उगवतच नाही.

बशी म्हणजे पेट्री डिश. तिच्यात अगार ओतून गोठवतात. स्वयंपाकघरातलं चायना ग्रास ते हेच, समुद्री शेवाळापासून केलेलं. अगार नुसतं आधाराला असतं. जंतूंचं अन्न म्हणजे त्यात विरघळवलेला मांसाचा अर्क, पेप्टोन आणि थोडं मीठ. आपल्या आतड्यातला ई. कोलाय या ताटावर रात्रभरात डोळ्यांना दिसणारे ठिपके उमटवतो. कच्चा माल मिळाला की बाकीचं तो स्वतः शिजवून घेतो.

खुपऱ्यांच्या बाबतीत या बशीने नुसती निराशा केली नाही, तर चकवलंही. 1907 साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांनी रुग्णांच्या पापणीतला खरवडा ओरांगउटानच्या डोळ्यांत घातला, आणि नंतर त्या पेशींत रंगवलेले बारीक कणांचे पुंजके पाहिले. जंतू त्यांना दिसला होता, पण त्याला वाढवता येत नव्हतं. 1920 च्या दशकात हिदेयो नोगुची या नामांकित संशोधकाने खुपऱ्यांच्या रुग्णांकडून एक जीवाणू कृत्रिम अन्नावर वाढवला आणि गुन्हेगार सापडल्याचं जाहीर केलं. तो जीवाणू खराच होता, पण गुन्हेगार नव्हता. डोळ्यात येऊन-जाऊन असणारे कितीतरी जंतू बशीत उगवतात. जो उगवत नाही, त्याच्यावर संशय कोण घेणार?

खऱ्या जंतूचं नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याच्याजवळ जेमतेम नऊशे जनुकं आहेत, ई. कोलायकडे सुमारे चार हजार तीनशे. पिढ्यान्‌पिढ्या पेशीच्या आत राहून याने घरचा संसारच मोडीत काढला आहे. डीएनए-आरएनएच्या बांधणीला लागणारे घटक त्याला मुळापासून बनवता येत नाहीत, बरीचशी अमिनो आम्लंही बनवता येत नाहीत. ते सगळं तो यजमान पेशीकडून उचलतो. ऊर्जेचा व्यवहार तर बघण्यासारखा आहे. पेशीत ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात फिरते आणि वापरली गेली की एडीपी उरतो. क्लॅमिडियाच्या आवरणात एक प्रथिन आहे, ते एडीपी बाहेर देतं आणि पेशीचा एटीपी आत घेतं. रिकामं सिलिंडर देऊन भरलेलं घ्यावं, तसं. थोडीफार ऊर्जा तो स्वतःही तयार करू शकतो, पण मुख्य भिस्त शेजारच्या सिलिंडरवर.

मग अगारमध्ये एटीपी आणि बाकीचं सामान घालून का चालत नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि तसा प्रयत्न झालाही. अडचण अशी, की हा जंतू दोन रूपांत जगतो. पेशीबाहेर असतो तेव्हा तो कडक कवचाचा, मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाएवढा बारीक कण असतो. टिकाऊ, संसर्गक्षम, पण विभागणी न करणारा. पेशीला चिकटून आत शिरला की तिथल्या एका फुग्यात तो सैल आणि मोठा होतो, आणि या दुसऱ्याच रूपात एकाचे दोन, दोनाचे चार होतात. नंतर ते पुन्हा आक्रसून कडक कण बनतात आणि दोन-तीन दिवसांत पेशी सोडून बाहेर पडतात. 2012 साली संशोधकांनी खास द्रवात दोन्ही रूपं पेशीबाहेर ठेवून पाहिली. कडक कणांनी साखरेचा एक प्रकार वापरला, सैल रूपाने एटीपी वापरला, प्रथिनंही बनवली. पण वंश काही वाढला नाही. म्हणजे नुसत्या अन्नाने हे भागत नाही.

वाट सापडली ती कोंबडीच्या अंड्यात. रिकेट्सिया या अशाच परावलंबी जंतूला हेराल्ड कॉक्स यांनी 1938 मध्ये अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत भरघोस वाढवून दाखवलं होतं. बलकाची पिशवी म्हणजे बलकाभोवतीचा जिवंत पेशींचा पडदा. अंडं सहा-सात दिवस उबवलेलं घ्यायचं. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरलं की लाल शिरांचं जाळं आणि हलणारा गर्भ दिसतो. बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीवर खूण करून कवच पुसायचं, बारीक भोक पाडायचं आणि लांब सुईने अर्धा मिलिलिटर नमुना आत बलकात सोडायचा. मेणाने भोक बुजवायचं, अंडं 35 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि रोज दिव्यासमोर धरून बघायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गर्भ मेला तर सुईची इजा किंवा भलताच जंतू, ते अंडं बाद. त्यानंतर शिरा विरायला लागल्या, हालचाल थांबली, तर आशा धरायची. अंडं फोडून पडदा काढायचा आणि त्याचा पातळ थर काचपट्टीवर रंगवून पाहायचा. काहीच दिसलं नाही तरी तोच पडदा कुटून पुढच्या अंड्यात टोचायचा, कारण सुरुवातीला जंतू इतके कमी असतात की एका फेरीत हाती लागतीलच असं नाही.

खुपऱ्यांच्या खरवड्यात इतर जीवाणू भरपूर असतात आणि ते अंडं नासवतात. म्हणून प्रतिजैविक घालावंच लागतं. पण कोणतं? पेनिसिलिन घातलं की क्लॅमिडियाचीही विभागणी थांबते, तो वेडावाकडा फुगून बसतो. स्ट्रेप्टोमायसिन त्याला फारसं बाधत नाही. बीजिंगमध्ये तांग फेइफान यांनी बलकाची पिशवी आणि स्ट्रेप्टोमायसिन यांची जोडी बसवली आणि 1955 मध्ये जंतू हाती लागला. 1958 मध्ये त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. डोळा आला, आणि त्यातून तोच जंतू पुन्हा वेगळा काढला गेला. आज कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही. त्या काळी तरी शंकेखोरांना उत्तर मिळालं.

पुढे अंड्यांची जागा काचेच्या तळाशी पसरलेल्या पेशींच्या थराने घेतली. मॅक्कॉय नावाच्या पेशी यासाठी फार वापरल्या जातात. त्या माणसाच्या म्हणून ओळखल्या जात, नंतर उंदराच्या निघाल्या. क्लॅमिडियाला त्याचं काही नाही. स्वॅब घेताना पू पुसून चालत नाही, थोडं जोरात खरवडून पेशी आणाव्या लागतात. जंतू राहतो तो पेशींत. नमुना साखर आणि फॉस्फेटच्या द्रवात थंड ठेवायचा. स्वॅबची काडी लाकडी असेल तर तिच्यातली द्रव्यंच पेशींना मारक ठरू शकतात. नमुना पेशींवर ओतून कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये तासभर फिरवतात. त्या जोराने कण पेशींवर बसतात आणि संसर्ग कितीतरी पटींनी वाढतो. मग सायक्लोहेक्झिमाइड हे द्रव्य अगदी थोडं घालतात. त्याने यजमान पेशीचं स्वतःचं प्रथिन बनवणं थंडावतं, आणि तिच्याकडचा कच्चा माल पाहुण्याच्या वाट्याला येतो.

दोन-तीन दिवसांनी थर आयोडीनने रंगवतात. या जंतूच्या फुग्यात ग्लायकोजेन साठतं, त्यामुळे फिकट पिवळ्या पेशींत तपकिरी गोळे उठून दिसतात. रोजच्या निदानासाठी आता एवढा खटाटोप कोणी करत नाही, डीएनए शोधणारी चाचणी काही तासांत उत्तर देते. पण जिवंत जंतू हवा असेल, म्हणजे औषध त्याला मारतं की नाही हे पाहायचं असेल, तर पेशी वाढवण्याला अजून पर्याय नाही.

अंडं असो की पेशी, हाती आलेला माल वापरण्याआधी त्याचा एक थेंब साध्या अगारच्या बशीवर पसरून उबवतात. बशीत काही उगवलं, तर माल फेकून द्यायचा. दोन दिवसांनी ती कोरीच राहिली, तर काम पुढे सुरू.