तीन छिद्रांची टाकी : सर्वांत दूर कोणती धार पडते?

अनेक शालेय पुस्तकांत एक आकृती आढळते. पाण्याने भरलेली उंच टाकी, तिच्या भिंतीला एकाखाली एक अशी तीन छिद्रे आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या तीन धारा. वरची धार टाकीजवळ पडते, मधली थोडी पुढे आणि सर्वांत खालची सर्वांत दूर. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, हे शिकविण्यासाठी ही आकृती काढलेली असते. दाब वाढतो हे विधान शंभर टक्के खरे आहे. तथापि टाकी जमिनीवरच ठेवलेली असेल, तर आकृतीतील धारा मात्र खऱ्या नसतात. हे असे का, याचा उलगडा या लेखात करावयाचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

धार किती दूर पडेल हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली, ती छिद्रातून किती वेगाने बाहेर पडते. आणि दुसरी, जमिनीला टेकण्यापूर्वी तिला किती वेळ मिळतो. पहिल्या गोष्टीचा नियम इटलीतील इव्हांजेलिस्ता टॉरिसेली यांनी 1644 साली प्रसिद्ध केला. पाण्याच्या पृष्ठभागापासून छिद्रापर्यंतच्या उंचीवरून एखादा दगड सोडला असता तो जितक्या वेगाने छिद्राच्या पातळीला पोहोचेल, तितक्याच वेगाने पाणी छिद्रातून बाहेर पडते, असा तो नियम. म्हणजे छिद्र जितके खोल, तितका वेग अधिक. दुसऱ्या गोष्टीचे मर्म गॅलिलिओ यांच्या 1638 सालच्या ग्रंथात आहे. आडव्या दिशेने फेकलेली वस्तू पुढे सरकत असतानाच, जणू वरून नुसती सोडून दिली असावी त्याच गतीने खाली पडत असते. पुढे जाणे आणि खाली पडणे या दोन क्रिया एकमेकींच्या आड येत नाहीत. टॉरिसेली हे गॅलिलिओंच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या सहवासात होते, आणि धारेचा प्रश्न सुटतो तो या दोघांचे विचार एकत्र आणल्यावरच.

आता पेच लक्षात येईल. खालच्या छिद्राला वेग भरपूर मिळतो, पण ते जमिनीच्या अगदी जवळ असल्याने त्याच्या धारेला वेळ मिळत नाही. वरच्या छिद्राच्या धारेला वेळ भरपूर मिळतो, पण वेग नसतो. एकाला जे अधिक मिळते, नेमके तेच दुसऱ्याला कमी पडते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. टाकीत तळापासून 40 सेंमी उंचीपर्यंत पाणी आहे आणि तळापासून 10, 20 व 30 सेंमी उंचीवर छिद्रे आहेत. वरच्या छिद्रावर 10 सेंमी पाणी आहे. त्याची धार सेकंदाला सुमारे 1.4 मीटर वेगाने निघते आणि जमिनीवर येण्यास तिला सुमारे पाव सेकंद लागतो. ती भिंतीपासून सुमारे 35 सेंमी अंतरावर पडते. खालच्या छिद्रावर 30 सेंमी पाणी आहे. त्याच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे 2.4 मीटर, पण तिला मिळणारा वेळ जेमतेम सेकंदाचा सातवा भाग. तीही सुमारे 35 सेंमीवरच पडते! मधल्या छिद्राची धार मात्र थेट 40 सेंमीवर पोहोचते.

याचा हिशेब सोपा आहे. छिद्रावरील पाण्याची खोली आणि छिद्राची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ते दुप्पट करावे. तेच धारेचे अंतर. वरच्या छिद्रासाठी दहा गुणिले तीस, खालच्यासाठी तीस गुणिले दहा. गुणाकार एकच, म्हणून अंतरही एकच. दोन संख्यांची बेरीज ठरलेली असता त्या समान असल्यावर त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा होतो, म्हणून मधले छिद्र पुढे राहते. त्या धारेचे अंतर पाण्याच्या एकूण उंचीइतके, म्हणजे येथे 40 सेंमी भरते. त्याहून दूर कोणतीच धार जाऊ शकत नाही.

मग पुस्तकातील आकृती सर्वस्वी चूक म्हणावी काय? तसेही नाही. हीच टाकी 40 सेंमी उंचीच्या स्टुलाच्या कडेशी ठेवली आणि धारा जमिनीवर पडू दिल्या, तर प्रत्येक धारेला पडण्यासाठी 40 सेंमी अधिक मिळतात. आता वरची धार सुमारे 53, मधली 69 आणि खालची 77 सेंमीवर पडते. म्हणजे आकृतीत दाखविलेला क्रम येतो. टाकीखाली केवळ 10 सेंमी उंचीचा ठोकळा ठेवला, तर मधली आणि खालची धार एकाच जागी, सुमारे 49 सेंमीवर पडतात. तात्पर्य, धार कोठे पडते हे सांगताना ती कोणत्या पातळीवर पडते हे सांगितल्यावाचून उत्तर पूर्ण होत नाही. आकृतीत उणीव असते ती हीच.

पालकांना हा प्रयोग घरच्या अंगणात करता येईल. पातळ भिंतीचा उंच डबा घ्यावा आणि तिन्ही छिद्रे एकाच आकाराची, साधारण 4 मिलिमीटरची करावीत. धारा एकमेकींवर आदळू नयेत म्हणून छिद्रे थोडी बाजूला सरकवावीत. खिळा ठोकल्यावर पत्र्याची कड वाकडी राहते व धार तिरपी निघते, म्हणून कड कानशीने साफ करावी. छिद्र फारच बारीक असेल, तर पाणी धार न धरता भिंतीला चिकटून ओघळते.

सर्वांत मोठी फसगत पाण्याच्या पातळीमुळे होते. वरून पाणी सोडत राहून ती कायम ठेवली नाही, तर प्रयोग बिघडतो. पातळी केवळ 5 सेंमीने उतरली, तरी वरची धार 35 वरून सुमारे 25 सेंमीवर येते, खालची मात्र 32 च्या आसपास टिकून राहते. पाहणाऱ्याला वाटते की पुस्तकच खरे. प्रयोग नीट झाल्याची खूण एकच : वरची आणि खालची धार जमिनीवर एकाच ठिकाणी मिळाली पाहिजे. कडेच्या घर्षणाने वेग किंचित घटतो, म्हणून प्रत्येक अंतर हिशेबाहून दोन-तीन टक्के कमी भरेल. भिंत जाड असल्यास घट याहून बरीच मोठी असते.

खोलीबरोबर दाब वाढतो हे मुलांना दाखवावयाचेच असेल, तर धारेचे अंतर मोजू नये, पाणी मोजावे. दोन सारख्या छिद्रांखाली दोन भांडी धरून तितक्याच वेळात किती पाणी जमते ते पाहावे. आपल्या उदाहरणात वरच्या छिद्रातून 100 मिलिलिटर पाणी आले, तर खालच्यातून सुमारे 173 मिलिलिटर येईल. छिद्रावरील खोली तिप्पट, पण पाणी तिप्पट नव्हे, तिनाच्या वर्गमूळाइतक्या पटीने अधिक. कारण वेग खोलीच्या वर्गमूळानुसार वाढतो. आणि फळ्यावर तीच जुनी आकृती काढावयाची झाल्यास टाकीखाली तिच्याइतक्याच उंचीचे एक स्टूल काढावे. तेवढ्याने ती आकृती खरी होते.