पायाला मुंग्या: एक लक्षण, जीवनसत्त्वांच्या तक्त्यातल्या अनेक ओळी

जीवनसत्त्वांचा तक्ता आपण शाळेत पाठ केला होता. ए कमी पडले की रातांधळेपणा, सी कमी पडले की हिरड्यांतून रक्त, डी कमी पडले की मुडदूस. त्या तक्त्यात अतिरेकाचा रकाना नव्हता, आणि तेव्हा त्याची फारशी गरजही भासत नसे. आता घरोघरी औषधांच्या डब्यात बी-कॉम्प्लेक्सची पाकिटे आणि डीची पावडर असते. म्हणून खालच्या तक्त्यात तो रकाना मुद्दाम घातला आहे.

| जीवनसत्त्व | मुख्य काम | कशातून मिळते | कमी पडल्यास | जास्त झाल्यास |
|---|---|---|---|---|
| ए | अंधुक उजेडात दिसणे, त्वचा व आतली अस्तरे | दूध, अंडी, यकृत, गाजर, लाल भोपळा, आंबा, शेवग्याचा पाला | रातांधळेपणा, कोरडे डोळे, बुबुळाशेजारी फेसाळ ठिपके | डोकेदुखी, उलट्या, यकृताला इजा, गर्भात व्यंग |
| बी-१ | पिष्टमय अन्नातून ऊर्जा, मज्जातंतू | डाळी, शेंगदाणे, हातसडीचा तांदूळ | बेरीबेरी: पाय सुन्न व लुळे, किंवा सूज आणि हृदय थकणे | तोंडाने घेतल्यास सहसा त्रास नाही |
| बी-२ | पेशींतील ऊर्जा | दूध, दही, अंडी, पालेभाज्या | ओठांचे कोपरे फाटणे, जीभ लाल होणे | त्रास नाही. लघवी गडद पिवळी |
| बी-३ | पेशींतील ऊर्जा | शेंगदाणे, मांस, मासे, डाळी | पेलाग्रा: उन्हात उघड्या त्वचेवर काळे पट्टे, जुलाब, भ्रम | चेहरा लाल होणे, खाज, यकृताला इजा |
| बी-६ | प्रथिनांचा वापर, मज्जातंतूंचे रासायनिक संदेश | केळी, बटाटा, हरभरा, मासे | तोंड येणे, मुंग्या, पांडुरोग. बाळांना झटके | पायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे |
| फोलेट (बी-९) | नव्या पेशी तयार होणे | पालेभाज्या, डाळी, संत्री, यकृत | मोठ्या पेशींचा पांडुरोग, गर्भाच्या मज्जारज्जूत दोष | बी-१२ची कमतरता झाकली जाते |
| बी-१२ | रक्तपेशी, मज्जातंतूंचे आवरण | दूध, दही, अंडी, मासे, मांस | मोठ्या पेशींचा पांडुरोग, गुळगुळीत जीभ, मुंग्या, तोल जाणे, विस्मरण | ठळक त्रास माहीत नाही |
| सी | त्वचा, हिरड्या व रक्तवाहिन्यांना बळकटी | आवळा, पेरू, लिंबू, संत्री | स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, निळे डाग, जखम न भरणे | जुलाब, मूतखडा |
| डी | कॅल्शियमचे शोषण, हाडे | ऊन. थोडे अंडी व मासे यांतून | मुडदूस, हाडे व मांड्या दुखणे, स्नायू दुर्बल | रक्तात कॅल्शियम वाढणे: उलट्या, बद्धकोष्ठता, तहान, मूत्रपिंडाला इजा |
| ई | पेशींच्या आवरणाचे रक्षण | तेलबिया, खाद्यतेले | क्वचित. तोल जाणे, बधिरपणा | रक्तस्रावाचा धोका |
| के | रक्त गोठणे | पालेभाज्या | रक्तस्राव, विशेषतः नवजात बाळात | त्रास क्वचित; रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो |

ए, डी, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. डीची पावडर साठ हजार युनिटची असते. ती आठवड्यातून एकदा घ्यायची, पण ‘रोज एक’ असे समजून घेणारे असतात. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे सहाशे युनिट आहे, म्हणजे त्या एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा असतो. पुडी रोज घेत राहिले की काही आठवड्यांत मळमळ, बद्धकोष्ठता आणि सारखी लघवी सुरू होऊ शकते. पुडी थांबवली तरी त्रास लगेच थांबत नाही, कारण साठा संपायला महिने लागतात. बाकीची पाण्यात विरघळतात आणि जादा झाली की लघवीवाटे निघून जातात, म्हणून ती निर्धोक मानायची सवय आहे. बी-६ला हा नियम लावता येत नाही.

आता पायाच्या मुंग्यांकडे वळू. तक्त्यात ते लक्षण एका ठिकाणी नाही. बी-१ आणि बी-१२च्या कमतरतेत ते आहे, बी-६च्या कमतरतेत आहे, आणि बी-६च्याच अतिरेकातही आहे. ‘नसांसाठी’ म्हणून आणलेली गोळीच काही वेळा मुंग्यांचे कारण ठरते, ती यामुळे. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची नोंद छापली. ते दिवसाला दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेत होते, आणि त्यांना पाय बधिर होऊन धड चालता येत नव्हते. पुढे याहून बऱ्याच कमी मात्रेवरही महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांत असा त्रास दिसला. शरीराला दिवसाला लागते दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बाजारातल्या काही गोळ्यांत ते शंभर मिलिग्रॅम असते.

फोलेटच्या ओळीतला शेवटचा रकानाही वाचून सोडून देण्यासारखा नाही. त्याची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात भयंकर पांडुरोग होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. अशाच मोठ्या पेशी दुसऱ्या एका आजारात दिसत, त्याला तेव्हा प्राणघातक पांडुरोग म्हणत. त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ साली सापडला होता. विल्सने गिरणीकामगार बायकांचे जेवण तपासले. त्यात फळे आणि भाज्या जवळजवळ नव्हत्या. तिने निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडाला यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि ते सुधारले. मग तो अर्क रुग्णांना दिला, आणि त्यांचे रक्त भरू लागले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले.

पुढचे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. यकृताचा कच्चा अर्क दिला की या बायका बऱ्या होत, पण शुद्ध केलेला अर्क, जो प्राणघातक पांडुरोगात हमखास चाले, त्यांच्यावर चालत नसे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे हे दोन वेगळे अभाव होते. गिरणीतल्या बायकांना कमी पडत होते ते फोलेट, आणि दुसऱ्या रुग्णांना कमी पडत होते ते बी-१२. फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार होऊ लागल्यावर, १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात, डॉक्टरांनी ते प्राणघातक पांडुरोगातही देऊन पाहिले. रक्त सुधारले. मज्जातंतू मात्र बिघडतच गेले. फोलेट भरपूर मिळाले की पेशी बी-१२वाचूनही काही काळ विभागू शकतात, त्यामुळे रक्ताचा अहवाल बरा दिसतो. मज्जातंतूंचे आवरण राखण्याचे काम फोलेटला जमत नाही.

समजा पुण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ५८. जन्मापासून शाकाहारी, अंडेही नाही. दूध चहापुरतेच. दहा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी. यातली प्रत्येक गोष्ट बी-१२ कमी करणारी आहे. शाकाहारात दूध-दही हाच भरवशाचा स्रोत, आणि एक मोठा पेला दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असते. रोज दोन-अडीच लागते. इडली, आंबील किंवा मोड आलेल्या कडधान्यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. मेटफॉर्मिन आतड्यातले शोषण घटवते. आम्ल कमी झाले की अन्नातले बी-१२ मोकळे होत नाही. शरीरात दोन ते पाच मिलिग्रॅमचा साठा असतो, तो संपायला वर्षे लागतात. म्हणून खाण्यात काहीच बदललेले नसताना त्रास सुरू होतो.

बाईंच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. ‘साखरेमुळे असेल’ असे सगळ्यांनी ठरवले. औषधाच्या दुकानातून नसांच्या गोळ्या आल्या, त्यात फोलिक ॲसिड आणि शंभर मिलिग्रॅम बी-६. वर्षभरात चप्पल पायातून निसटलेली कळेनाशी झाली. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जाई. पायांची जाणीव मंदावली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि डोळे मिटताच तो आधार जातो.

आता तीन संशयित आहेत: मधुमेह, बी-१२ची कमतरता आणि बी-६चा अतिरेक. तपासणारा डॉक्टर आधी जीभ बघेल. ती गुळगुळीत असेल, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडली असेल, तर बी-१२कडे बोट जाते. मग कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवेल. कंप जाणवत नसेल तर मोठे तंतू बिघडले आहेत. मग गुडघ्यावर हातोडी. बी-६च्या अतिरेकात पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. बी-१२ कमी असताना मज्जारज्जूही बिघडत असेल, तर गुडघा उलट जोरात उडू शकतो आणि तळव्याला रेघ ओढल्यावर अंगठा वर जातो. असे दिसले तर दोष मधुमेहाचा किंवा बी-६चा एकट्याचा नाही.

रक्ताच्या अहवालात बाईंचे हिमोग्लोबिन ११.४ आणि पेशींचा सरासरी आकार ९८ फेम्टोलिटर आला. शंभरच्या आत, म्हणजे नॉर्मल. फोलिक ॲसिडने पडदा टाकला आहे, एवढाच त्याचा अर्थ. बी-१२ आले १३० पिकोग्रॅम. दोनशेच्या खालचा आकडा कमतरतेचा धरतात, दोनशे ते तीनशे हा शंकेचा टप्पा असतो, आणि तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून निर्णय घेतात.

उपाय म्हणून बी-६ची गोळी बंद, आणि हजार मायक्रोग्रॅमची बी-१२ची इंजेक्शने, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नुसते बी-१२ असलेले इंजेक्शन मागून घ्यावे लागते. बाजारात मिश्रणे अनेक आहेत आणि त्यांत बी-६ही असते. रक्त काही आठवड्यांत सुधारते, मुंग्या ओसरायला सहा महिने किंवा अधिक लागतात. त्रास सुरू होऊन जितका काळ लोटला असेल, तितका मागे काही राहून जाण्याचा संभव अधिक. बी-६चा त्रास गोळी थांबवल्यावर हळूहळू उतरतो, पण पहिले काही आठवडे तो वाढल्यासारखाही वाटतो. तेव्हा घाबरून पुन्हा गोळी सुरू करू नये.

मुंग्या घेऊन डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटे, पुड्या आणि इंजेक्शनच्या कुप्या सोबत न्याव्यात, आणि पाकिटामागचा बी-६चा आकडा आधी वाचावा. रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी द्यावे. नंतर बी-१२चा आकडा हजारावर जातो आणि मूळ कमतरता किती होती हे त्या आकड्यावरून कळत नाही.