आटलेल्या तळ्यावरची कार्डं

वृत्त-अलंकारांच्या उजळणीसाठी मुलं कार्डं करतात. पुढे नाव, मागे व्याख्या. परीक्षेत मात्र ओळ देतात आणि नाव विचारतात. म्हणून पुढे ओळच लिहावी, तीही पाठ्यपुस्तकातली नको, कारण ती पाठ असते. पुढच्या दोन ओळी मी कार्डांपुरत्याच रचल्या आहेत, काव्य म्हणून त्यांची मातब्बरी काही नाही.

दुपारी उन्हाने तळे आटलेले
जणू शुष्क हे ओठ भेगा भुईच्या

पहिलं कार्ड वृत्ताचं. अक्षरं मोजा: प्रत्येक ओळीत बारा. तीन-तीनचे गट पाडा: दुपारी, उन्हाने, तळेआ, टलेले. प्रत्येक गटात आधी लघू, मग दोन गुरू. ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रातलं ‘यमाता’ तसंच आहे, म्हणून हा य गण. चार य गण म्हणजे भुजंगप्रयात. रामदासांच्या मनाच्या श्लोकांचं हेच वृत्त. ती चाल कानात असली तरी खुणा कागदावरच कराव्यात, कारण गाताना आपण लघूही सहज लांबवतो.

गाडी अडते ती ‘उन्हाने’पाशी. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, एवढंच पाठ असलं की ‘उ’वर गुरूची खूण पडते आणि तो गट म गण होऊन बसतो. तीन गट जुळले आणि एकच फसला, तर त्या गटातलं जोडाक्षर मोठ्याने उच्चारून पाहा. ‘शुष्क’ म्हणताना ‘शु’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘उन्हाने’ म्हणताना ‘उ’वर तसा येत नाही, म्हणून तो लघूच. ‘तुम्ही’तल्या ‘तु’चंही तेच. कार्डाच्या मागे हा खुलासा हवाच.

अलंकारांच्या कार्डांना दुसरी ओळ पुरते. भेगा हे उपमेय, ओठ हे उपमान. भेगा जणू ओठच वाटतात, म्हणून ही उत्प्रेक्षा. आता चित्र तेच ठेवून वाक्य बदलत न्या. ‘भेगा ओठांसारख्या कोरड्या’ म्हटलं की उपमा: दोन्ही वेगळी आहेत, फक्त साम्य दाखवलं. ‘भेगा हेच भुईचे ओठ’ हे रूपक, कारण इथे दोन्ही एकच मानली. ‘या भेगा नव्हेत, ओठ आहेत’ यात उपमेयच नाकारलं, ती अपन्हुती. ही चार कार्डं एकत्र पिसावीत. व्याख्या वेगवेगळ्या पाठ करण्यापेक्षा एकाच चित्रात हा फरक चटकन दिसतो.

‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसलं की उपमा, ही युक्ती शिकवणीत सर्रास सांगतात. बऱ्याचदा ती चालतेही. पण ‘पोर सारखी पाणी मागते’ असं एक कार्ड गठ्ठ्यात मुद्दाम घालून ठेवावं. इथे ‘सारखी’ म्हणजे ‘सतत’. ना उपमान, ना उपमा.